फोटो गेला, कार्ड उरलं: हाताने लिहिलेली पाककृती एकही माप न बदलता टाइप कशी करावी

आत्याने माझ्या आईला पाठवलेलं एक पोस्टकार्ड आमच्याकडे आहे. एका बाजूला चकलीच्या भाजणीची कृती आणि दुसऱ्या बाजूला पत्ता, त्याच्या डावीकडे उरलेल्या जागेत कृतीचाच राहिलेला मजकूर. काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्या भरवशावर कार्ड डब्यात गेलं ते गेलंच. यंदा फोटो उघडायला गेले तर तो डाउनलोडच होईना. ज्याने टाकला त्याचा फोन कधीच बदललेला. कार्ड मिळालं, पण मधल्या काळात त्यावर तेलाचा एक डाग वाढला होता.

मग मी ते घाईघाईने टाइप केलं आणि ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांनी वहिनीचा फोन: ‘‘अगं, पीठ कोरडंच राहतंय, सोऱ्यातून चकली बाहेर पडते ती तुकड्यांतच.’’ कार्डावर पाणी होतं ‘१॥। वा.’. मी त्या उभ्या रेघा विरामचिन्ह समजून ‘१ वाटी’ लिहिलं होतं. दोन वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी हवं, तिथे एकच. खाली जी पद्धत देते आहे ती या चुकीनंतर बसवलेली आहे.

## १. टाइप करण्याआधी: कार्डाचे नवे फोटो

फोटो गेला म्हणजे आता कार्ड ही एकच प्रत आहे. म्हणून कीबोर्डला हात लावण्याआधी नवे फोटो काढा. एक नाही, तीन.

पहिला फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅशशिवाय, कार्डाच्या बरोबर वरून. दोन्ही बाजूंचा. पोस्टकार्ड असेल तर पत्त्याची बाजू ‘त्यात काय आहे’ म्हणून सोडू नका. आमच्या कार्डावर तिळाचं आणि ओव्याचं प्रमाण तिथेच होतं.

दुसरा फोटो खोलीत अंधार करून, टॉर्च कार्डाच्या कडेला जवळजवळ आडवा धरून. बॉलपेनने लिहिलेलं असेल तर शाई उडाली तरी कागदावर दाबाची खाच राहते आणि तिरप्या उजेडात तिची सावली पडते. शाईच्या पेनाने लिहिलं असेल तर याचा फारसा उपयोग नाही, त्या निबेने खाच पडत नाही.

तिसरा फोटो तेलाच्या डागासाठी. तेलाने कागद अर्धपारदर्शक होतो आणि मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटलेली दिसतात. एखादी रेघ मागची आहे की पुढची, हेच कळत नाही. कार्डाखाली काळा कागद ठेवला की मागचं लिखाण बरंच दबतं.

सावधान: डाग पुसायला ओला कपडा, टाल्कम पावडर, खोडरबर यातलं काही नको. लॅमिनेशन तर मुळीच नको. गरम रोलरमधून गेलेला कार्डाचा कागद परत मोकळा करता येत नाही.

हे फोटो ग्रुपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो, आणि नेमक्या बारीक रेघा पुसट होतात.

## २. लिहिणाऱ्याचं अक्षर आधी वाचायला शिका

लोक थेट ‘साहित्य’पासून टाइप करायला लागतात. त्याऐवजी पंधरा मिनिटं नुसतं कार्ड वाचा आणि एका कोऱ्या कागदावर दोन गोष्टी काढा.

पहिली, अंकांची यादी. या हाताचा १ कसा, ९ कसा, ४ आणि ५ यांत फरक काय. यासाठी कार्डावर असे अंक शोधा ज्यांचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. पत्ता इथे फार कामाला येतो. आमच्या कार्डावर ‘सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’ होतं. त्यातून आत्याचे ४, १, ० आणि ३ निर्विवाद कळले. तिचा १ वर गोल गाठीचा होता आणि खाली शेपटी डावीकडे वळलेली. म्हणजे जिथे नुसती सरळ उभी रेघ आहे, तिथे तो १ नव्हे.

दुसरी, तोडलेल्या शब्दांची यादी. ‘ह. डाळ’, ‘उ. डाळ’, ‘वा.’, ‘च.’ वगैरे. प्रत्येकासमोर पूर्ण शब्द लिहा, पण खात्री असेल तरच. ‘वा.’ म्हणजे वाटी यात शंका नाही. ‘पा.’ मात्र पाव, पातेलं किंवा पायली यांपैकी काहीही असू शकतं. ‘च.’ हा चहाचा चमचा की वाढायचा, हे कार्ड सांगत नसेल तर तुम्हीही सांगू नका.

## ३. पाव, अर्धा, पाऊण: उभ्या रेघांचं गणित

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

जुन्या मराठी लिखाणात अपूर्णांक उभ्या रेघांनी दाखवत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. अंकानंतर रेघ आली की ती त्यात मिळवायची. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन, २॥ म्हणजे अडीच. अंकाशिवाय नुसती ‘॥ वा.’ म्हणजे अर्धी वाटी. ज्यांच्या घरी आजी-आजोबा किराण्याची यादी अशी लिहीत, त्यांना हे सांगावं लागत नाही. पण आता टाइप करायला बसतो तो बहुधा नातू किंवा भाची.

गडबड तीन तऱ्हांनी होते. रेघ म्हणजे पूर्णविराम समजून ती गाळली जाते (माझी चूक). रेघ म्हणजे १ समजून ‘१।’ चे ‘११’ होतात आणि ‘। किलो’ चा एक किलो होतो. किंवा तीन रेघांपैकी एक डागाखाली जाते आणि पाऊणचा अर्धा होतो.

ओळखायचं कसं? आधी पाहा की ही व्यक्ती वाक्य कसं संपवते. आत्या वाक्याच्या शेवटी टिंब देते. म्हणजे तिच्या लिखाणात उभी रेघ दिसली की ती मापाचीच. मग रेघेची अंकांच्या यादीतल्या १ शी तुलना करा. त्यानंतर प्रमाण जुळवून पाहा. आमच्या कार्डावर तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ॥ किलो, उडीद डाळ । किलो आहे. म्हणजे एक, अर्धा, पाव. वाट्यांत घेतलं तर चार-दोन-एक, जे पुष्कळ घरांत भाजणीचं ठरलेलं प्रमाण आहे. शेवटची रेघ १ म्हणून वाचली तर उडीद डाळ तांदळाइतकी आणि हरभऱ्याच्या दुप्पट होते, तेव्हा शंका यायलाच हवी.

पण एक लक्षात ठेवा. प्रमाण जुळवणं हे फक्त शंका काढायला आहे, माप भरायला नाही. ‘आमच्याकडे असंच घालतात’ म्हणून कार्डावरचा स्पष्ट आकडा बदलला, की ती कार्डाची कृती राहिली नाही.

तपासा: कार्डावरच्या सगळ्या उभ्या रेघा मोजा आणि संख्या कागदावर लिहून ठेवा. शेवटी ती परत लागेल.

## ४. पहिली फाइल: जसं आहे तसं

आता टाइप करा, पण कृती ‘नीट’ करायची नाही. ओळी जिथे तुटतात तिथेच तोडा, शुद्धलेखन सुधारू नका, ‘ह. डाळ’ ला ‘हरभरा डाळ’ करू नका. साधी मजकूर फाइल पुरे. तक्ता नको. एक्सेलसारख्या तक्त्यात इंग्रजी आकड्यांनी 1/2 लिहिलं की त्याची तारीख होऊन बसते.

रेघांच्या मापांना मी दोनदा लिहिते: आधी कार्डावर आहे तसं, लगेच कंसात अक्षरी. ‘१॥। [पावणेदोन] वा. पाणी’. अक्षरी शब्द हा तुमचा विमा आहे. फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर गेली, रेघ गळाली, तरी ‘पावणेदोन’ गळत नाही. रेघेसाठी देवनागरी दंड (U+0964) वापरा. कीबोर्डवर तो बहुतेक वेळा चिन्हांच्या पानावर असतो. त्याऐवजी इंग्रजी `|` किंवा मोठा `I` टाकला तर दिसायला सारखं दिसतं, पण नंतर शोधताना सापडत नाही.

सावधान: काही कीबोर्ड दोनदा स्पेस दाबली की आपणहून पूर्णविराम किंवा दंड टाकतात. ‘पाणी १’ च्या पुढे असा दंड पडला तर तुमचं एक सव्वा होईल. टाइप करण्यापुरती ती सोय सेटिंगमध्ये बंद करा.

इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्ड असेल तर सुचवलेल्या शब्दांवर डोळा ठेवा. तेल आणि तीळ, मिरे आणि मिरची, धने आणि दाणे अशा जोड्यांत बोट घसरलं तरी शब्द बरोबरच दिसतो, त्यामुळे नजरेला चूक खटकत नाही. बोलून टाइप करत असाल तर मापं तरी बोलून घेऊ नका. ती हातानेच टाका.

जे वाचता येत नाही ते चौकोनी कंसात सांगा. मी तीनच खुणा ठेवते: `[?]` म्हणजे वाचता आलं नाही, `[डाग]` म्हणजे डागाखाली गेलं, आणि `[समासात]` म्हणजे मजकूर मूळ ओळीत नसून बाजूला लिहिलेला आहे. आमच्या कार्डाची पहिली फाइल अशी झाली:

```
चकली भाजणी
तांदूळ १ किलो
ह. डाळ ॥ [अर्धा] किलो
उ. डाळ । [पाव] किलो
धने १ वा.
जिरे ॥ [अर्धी] वा.
सर्व ^ निरनिराळे भाजावे.
[समासात, काकपद ^ पाशी: धुऊन सावलीत वाळवून]
गार झाल्यावर दळावे.
२ वा. भाजणीस १॥। [पावणेदोन] वा. पाणी.
आधण आले की [डाग: १ किंवा २] पळी तेल,
२ च. तिखट, १॥ [दीड] च. मीठ,
तीळ, ओवा घालावा.
पातेले खाली उतरवून भाजणी घालावी
व ढवळून झाकावे. कोमट असता मळावे.
[पत्त्याच्या बाजूस: तीळ २ च. ओवा
॥ [अर्धा] च. हाताने चोळून.]
```

## ५. पायऱ्यांचा क्रम: समास, बाण आणि काकपद

लिहिताना विसरलेलं लोक समासात लिहितात आणि जागा दाखवायला काकपद किंवा बाण काढतात. तो मजकूर शेवटी ‘टीप’ म्हणून टाकायचा मोह होतो. तसं केलं तर तांदूळ भाजून दळून झाल्यावर वाचणाऱ्याला कळेल की ते आधी धुऊन वाळवायचे होते. खूण कुठे आहे ती जागा पहिल्या फाइलीत दाखवा आणि दुसऱ्या फाइलीत मजकूर त्याच जागी बसवा.

आमच्या काकपदाने एक पेच टाकला. खूण ‘सर्व’ नंतर आहे, म्हणजे अक्षरशः वाचलं तर धने-जिरेसुद्धा धुऊन वाळवायचे. आत्याच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, ‘‘आई फक्त तांदूळ आणि डाळी धुवायची.’’ बरोबरच असणार. तरी पहिल्या फाइलीत खूण आहे तिथेच राहिली आणि बहिणीचं म्हणणं दुसऱ्या फाइलीत, तिच्या नावाने गेलं. आठवण आणि कार्ड एकाच ओळीत मिसळले की पुढे कोणाचं काय, हे सांगता येत नाही.

क्रियापदंही आहेत तशी ठेवा. ‘पातेले खाली उतरवून’ याचं मी आधी ‘गॅस बंद करून’ केलं होतं. वरवर एकच. पण गॅस बंद केल्यावरही जाड बुडाचं पातेलं तापलेल्या शेगडीवरच राहिलं तर पीठ तळाशी लागू शकतं. आत्या स्टोवर करायची, पातेलं खरोखर जमिनीवर यायचं. ‘भाजावे’, ‘परतावे’, ‘शेकावे’ हेही एकमेकांच्या जागी टाकू नका.

तपासा: कार्डावरची क्रियापदं मोजा, फाइलीतली मोजा. मग साहित्यातला प्रत्येक पदार्थ कृतीत कुठे पडतो ते पाहा. एखादा पदार्थ यादीत आहे पण कृतीत नाही, असं दिसलं तर आधी समास आणि मागची बाजू पुन्हा बघा. तरीही नसेल तर ती कार्डाची उणीव आहे. तशी नोंद करा, स्वतः जागा ठरवू नका.

## ६. दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या

स्वतःचं टाइप केलेलं स्वतः तपासलं तर डोळा तीच चूक पुन्हा ‘बरोबर’ वाचतो. म्हणून कार्ड दुसऱ्याच्या हातात द्या, शक्यतो जुनं अक्षर वाचणाऱ्याच्या. त्याने मोठ्याने वाचायचं, तुम्ही पडद्यावर बघायचं. उलट नाही. तुम्ही वाचलंत तर ऐकणारा हो-हो म्हणत जातो.

मापं शब्दांत वाचायला सांगा: ‘दीड’, ‘पावणेदोन’. ‘एक रेघ रेघ’ असं नाही. एकदा सरळ वाचून झालं की फक्त मापं खालून वर वाचा. क्रम उलटा झाला की अंदाजाने वाचता येत नाही. शेवटी उभ्या रेघांची संख्या जुळवा. आमच्या कार्डावर बारा निघाल्या. माझ्या पहिल्या, घाईच्या मजकुरात नऊ होत्या. पाण्याच्या तिन्ही गेल्या होत्या.

## ७. जुनी वजनं आणि ‘वाटी’ म्हणजे किती

आता दुसरी फाइल, स्वयंपाकघरात वापरायची. पूर्ण शब्द, क्रमवार पायऱ्या, आजची मापं. पण मापं बदलण्याआधी कार्ड कोणत्या काळातलं आहे ते ठरवा.

मेट्रिक वजनं आपल्याकडे १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या कार्डावरचा वजनाचा शेर ८० तोळ्यांचा असेल तर साधारण ९३३ ग्रॅम, पावशेर म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम आणि छटाक सुमारे ५८ ग्रॅम. नंतरच्या काळात मात्र लोक पाव किलोलाच सवयीने पावशेर म्हणत राहिले, आणि ते २५० ग्रॅम. शिवाय शेर हे धान्य मोजायचं मापही होतं: चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. शेरांचं वजन गावोगाव वेगळं असे, त्यामुळे नुसतं ‘१ शेर’ दिसलं तर ग्रॅमचा आकडा ठोकून देऊ नका.

शिक्का वाचता येत नसेल तर पत्त्यात पिन कोड आहे का बघा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे कार्ड त्यानंतरचं. आमच्या कार्डाचं ते तिथेच मिटलं, शिवाय त्यावर सरळ ‘किलो’च लिहिलेलं आहे.

वाटीचं काय? कृतीत सगळंच वाट्यांत असेल तर वाटी कोणतीही चालते, प्रमाण तेच राहतं. दोन वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी, वाटी लहान असो की मोठी. पण किलो आणि वाटी एकाच यादीत आले की वाटीचा आकार कळायला हवा, आणि इथे धने-जिरे वाटीत आहेत. ती वाटी अजून घरात असेल तर काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आत्याच्या मुलीकडची पितळी वाटी १६५ भरली. बाजारचा मापाचा कप २४० चा असतो. त्याने धने मोजले तर जवळजवळ दीडपट पडले असते. वाटी हरवली असेल तर दुसऱ्या फाइलीत ‘वाटी, आकार माहीत नाही’ एवढंच लिहा.

## ८. डागाखालचं माप

राहिलं ते पळीभर तेल. पहिल्या फाइलीत `[डाग: १ किंवा २]` आहे. तिरप्या उजेडात एक वळण दिसतं, पण ते १ च्या गाठीचं की २ च्या डोक्याचं, हे तिघांनी तीन वेळा पाहूनही ठरलं नाही.

अशा वेळी करून बघायचं, पण थोड्या प्रमाणात. एका वाटी भाजणीचे दोन घाणे, बाकी सगळं कार्डाच्या निम्मं: पाणी पाऊण वाटी आणि वर वाटीचा आठवा हिस्सा (पावणेदोनचं निम्मं पाऊण वाटीपेक्षा तेवढंच जास्त). एका घाण्यात अर्धी पळी मोहन, दुसऱ्यात एक पळी. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते. जास्त झालं तर तेलात सोडल्यावर ती सुटते, विरघळल्यासारखी होते. आमच्याकडे अर्ध्या पळीची दाताला कडक लागली आणि एक पळीची खुसखुशीत राहिली, फुटली नाही. म्हणजे पूर्ण मापाला दोन पळ्या जुळतात.

दुसऱ्या फाइलीत आता लिहिलं आहे: ‘तेल २ पळ्या (करून पाहून ठरवलं, कार्डावर डाग)’. पहिल्या फाइलीतली खूण मी तशीच ठेवली आहे.